सीपॅप की जबडा पुढे धरणारा साचा?

स्लीप अ‍ॅप्निया या आजारात झोपेत घसा मिटून श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घटतो, रक्तदाब उसळतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, दिवसा मात्र पेंग येते, लक्ष टिकत नाही.

सीपॅप यंत्र मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. दातांवरचा साचा खालचा जबडा पुढे धरतो. त्याचा परिणाम सौम्य, पण तो रात्रभर वापरणं सोपं.

समजा, तासाला ३२ वेळा श्वास अडतो. सीपॅपवर तो आकडा ४ झाला, पण ७ तासांच्या झोपेत मास्क ४ तासांनी निघाला, तर रात्रीची सरासरी १६. साच्याने तो आकडा १४पर्यंतच खाली आला, पण तो रात्रभर राहिला, तर सरासरी १४. म्हणजे दोघे जवळपास बरोबरीत!

पक्षाघाताचा धोका या आजारात वाढतो; पण २०१६च्या ‘सेव्ह’ चाचणीत सीपॅपने तो घटल्याचं दिसलं नाही. पेंग मात्र कमी झाली. तिथला सरासरी वापर रात्री जेमतेम ३.३ तास होता. साच्याने पक्षाघात टळतो, असाही पुरावा नाहीच. तीव्र आजारात मी आधी सीपॅपच सुचवेन. मास्क सहनच होत नसेल, तर साचा.