व्हीआयएक्स ३० च्या वर गेला की आपोआप विक्री: या सापळ्यात माझे ६,५२० डॉलर गेले

आधी आकडे, म्हणजे कुणी "थोडंफार गेलं असेल" असं म्हणणार नाही. खात्यात आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या एका प्रोग्रॅमचे १,८९० डॉलर, दोन महिन्यांची वर्गणी १९० डॉलर आणि त्या प्रोग्रॅमने केलेल्या एका विक्री-खरेदीत गेलेले ४,४४० डॉलर. एकूण ६,५२०. माझं रोजचं कामच हिशेब तपासण्याचं आहे, म्हणून हे लिहिताना जास्त लाज वाटते. तरी लिहिते आहे, कारण ज्याने मला तो प्रोग्रॅम विकला, तो माणूस तेच अजून विकतो आहे.

योजना तुमच्या ओळखीची असेल. एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या ऑप्शन्सच्या भावांवरून व्हीआयएक्स निघतो. पुढच्या तीस दिवसांत किती हेलकावे येतील याचा बाजाराने बांधलेला तो अंदाज. तो ३० ओलांडला की अलर्ट येणार आणि प्रोग्रॅम माझ्या खात्यातला निर्देशांकाचा फंड विकून टाकणार. २५ च्या खाली आला की परत घेणार. मी झोपेत असले तरी जोखीम कमी होणार. मला हेच हवं होतं. पडझडीत हात थरथरतात आणि भलत्या वेळी विकलं जातं, हे मी स्वतः अनुभवलं होतं. हाव नव्हती, उलट सावधगिरीच होती. हे आवर्जून सांगते, कारण "लोभाने फसली" हे ऐकून कान किटले आहेत.

विकत घेण्याआधी विक्रेत्याने मागच्या वर्षांच्या भावांवर केलेल्या चाचणीची शीट पाठवली होती. दीड हजारांवर ओळी. मी डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. चाळीसेक ओळी निवडून त्यातला प्रत्येक आकडा सार्वजनिक नोंदींशी ताडून पाहिला. सगळे खरे निघाले, एकही खोटा नव्हता. तिथेच मी निर्धास्त झाले.

ती ओळ मात्र आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तारीख ५ फेब्रुवारी २०१८, व्हीआयएक्स ३७.३२, कृती विक्री, भाव २७४१. त्या दिवशी निर्देशांक २६४९ वर बंद झाला, म्हणजे एका दिवसात ९२ अंक वाचले. शेजारी हिरवा रंग. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. ३७.३२ हा त्या दिवशी बाजार बंद होतानाचा आकडा, तर २७४१ हा सकाळी बाजार उघडतानाचा भाव. सकाळी व्हीआयएक्स १९ च्याही खाली होता. ३० ओलांडला तो दिवस उतरणीला लागल्यावर. संध्याकाळचा आकडा पाहून सकाळच्या भावाने कोण विकू शकतं? दोन्ही आकडे खरे, त्यांची जोडी खोटी. मी आकडे तपासले, घड्याळ तपासलं नाही.

नंतर एका जाणकाराने त्याच्या चाचणीतल्या दोन ओळी मला दाखवल्या:

```
signal = vix["Close"] > 30
price  = spx["Open"]
```

पहिली ओळ अशी असायला हवी होती, म्हणजे आजच्या बंदच्या आकड्यावर उद्या सकाळी व्यवहार होईल:

```
signal = (vix["Close"] > 30).shift(1)
```

एवढा बदल केला की ती हिरवी ओळ कोसळते. विक्री सरकते ६ फेब्रुवारीच्या सकाळी, सुमारे २६१५ ला. आणि त्या दिवशी निर्देशांक बंद झाला २६९५ वर. वाचलेले ९२ अंक नाहीसे होतात आणि वर ८० अंकांचा फटका दिसतो. ही चूक अनवधानाने झाली असं तो म्हणेल. विचारल्याबरोबर मला ब्लॉक केलं, त्यावरून काय समजायचं ते मी समजले.

माझ्या खात्यात झालं ते ५ ऑगस्ट २०२४ ला. आधीच्या शुक्रवारी व्हीआयएक्स ३० च्या अगदी जवळ जाऊन परतला आणि २३.३९ वर बंद झाला, त्यामुळे अलर्ट आला नाही. सोमवारी बाजार उघडण्याआधी फोन वाजला. अलर्टमध्ये ६० च्या वरचा आकडा होता. त्या सकाळी व्हीआयएक्सने ६५.७३ गाठला होता. घाबरून मी प्रोग्रॅमला हातच लावला नाही, त्याच्यासाठीच तर पैसे मोजले होते. बाजार उघडताच त्याने माझे २४० युनिट ५११.६० ला विकले. शुक्रवारचा बंद भाव ५३२.९० होता. म्हणजे ज्या घसरणीपासून वाचवायचं, ती पूर्ण होऊन गेल्यावर विक्री झाली.

तो आकडाही तसा विश्वासाचा नव्हता. बाजार उघडण्याआधी ऑप्शन्सचे व्यवहार विरळ असतात, खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर फुगतं, आणि व्हीआयएक्स त्या दोन भावांचा मध्य धरून काढला जातो. अंतर फुगलं की व्यवहार न होताही आकडा उसळतो. व्हीआयएक्सचे फ्युचर्स त्या सकाळी त्या मानाने फारच कमी वाढले होते; दोन्ही शेजारी ठेवून पाहिले असते तर कळलं असतं. दिवसअखेर व्हीआयएक्स ३८.५७ होता, दुसऱ्या दिवशी २७.७१. बंदचा आकडा २५ च्या खाली यायला ८ तारीख उजाडली, तेव्हा प्रोग्रॅमने परत खरेदी केली ५३०.१० ला. प्रत्येक युनिटमागे १८.५० डॉलर, गुणिले २४०. काहीच केलं नसतं तर तोपर्यंत ६७२ डॉलरचा तोटा दिसला असता, तोही नुसता कागदावर.

असा अलर्ट वापरतच असाल तर बाजाराच्या वेळेबाहेरचे आकडे त्याला वाचूच देऊ नका. एका आकड्यावर सगळं विकायची सूचना कधीच देऊ नका. टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि परत यायची पातळी नीट ठरवा, कारण व्हीआयएक्स उतरेपर्यंत भाव बहुतेक वेळा वर गेलेला असतो.

तक्रारीचं तर विचारूच नका. ब्रोकर म्हणाला, ऑर्डर तुमच्याच एपीआय कीने, म्हणजे प्रोग्रॅमला खात्यात व्यवहार करू देणाऱ्या परवानगीच्या कोडने आली, आमच्या दृष्टीने वैध. पैसे ज्या कंपनीमार्फत दिले तिने कळवलं, डिजिटल वस्तू पोचली, परतावा नाही. पोलिसांनी पाऊण तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, नुकसान बाजारात झालं, यात गुन्हा कुठे आहे? मी ती शीट छापून नेली होती, ओळ लाल पेनाने खुणावून. अधिकाऱ्याने कागद उलटा धरला, परत दिला. नियामकाकडे लिहिलं तर उत्तर आलं की हा सल्लागार नाही, सॉफ्टवेअर विक्रेता आहे, विषय आमच्या कक्षेत येत नाही. अहो, सॉफ्टवेअर माझं खातं रिकामं करतं आणि ते कुणाच्याच कक्षेत येत नाही? चार ठिकाणी तेच कागद, तोच अर्ज, आणि प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. एकानेही ती एक ओळ वाचायची तसदी घेतली नाही.

आणि हो, कुणाशी वाद घालण्याआधी एपीआय की रद्द करा. मी ती नऊ दिवस तशीच ठेवली होती, तो माणूस फोन उचलेल या आशेवर.

कुणी शीट पाठवली तर आकडे खरे आहेत का एवढंच पाहू नका. प्रत्येक आकडा किती वाजता माहीत होता, ते विचारा. पाठवणाऱ्याला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका. त्याच्या पानावर अजून ५ फेब्रुवारीची तीच हिरवी ओळ पहिल्या चित्रात आहे. काल पाहिलं, किंमत आता २,३९० डॉलर झाली आहे.