नेट भावाचा एकच कागद की लिस्ट वेगळी, स्कीम वेगळी?

वायरचा होलसेल धंदा करणाऱ्याला वर्षातून बऱ्याचदा डीलरांना सर्क्युलर पाठवावं लागतं. तांब्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो, रुपया आपल्या चालीने चालतो, आणि कंपनीची नवी लिस्ट येऊन टेबलावर पडते. त्यातच महिनाअखेरची एखादी स्कीम असते. लोहार चाळीत हे सगळं डीलरपर्यंत पोचवण्याच्या दोन पद्धती दिसतात. एकात सगळी सूट वजा करून शेवटचा नेट भाव एकाच कागदावर छापतात. दुसरीत भावपत्रक वेगळं आणि स्कीमचं सर्क्युलर वेगळं काढतात. मी दोन्ही वापरल्या आहेत. तुमच्याकडे आयटम कोणते, पार्ट्या कशा, यावर बरंच अवलंबून आहे; तरी माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाही.

नेट भावाच्या कागदाचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. डोंबिवलीचा डीलर काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना फोन उघडतो. त्याला दीड स्क्वेअरची कॉइल आपल्याला कितीला पडते एवढंच हवं असतं. लिस्टवर चाळीस, त्यावर पाच, त्यावर रोखीचे दोन असं गणित करायला तेव्हा सवड नसते. आणि ते गणित चुकतंही. उदाहरणाला सोपा आकडा घेऊ. ९० मीटर कॉइलची लिस्ट ३,००० रुपये. चाळीस टक्के गेले की १,८००. त्यावर पाच गेले की १,७१०. त्यावर दोन गेले की १,६७५ रुपये ८० पैसे. म्हणजे एकूण सूट ४४.१४ टक्के. पण ‘४०+५+२’ एवढंच लिहिलं की काउंटरवरचा मुलगा बेरीज करून ४७ टक्के धरतो आणि १,५९० चा भाव सांगून मोकळा होतो. कॉइलमागे ८५ रुपये ८० पैशांचा फरक, आणि तो डीलरच्या खिशातून जातो. नेट भाव छापला तर हा घोळच होत नाही. शिवाय एकच पान, एकच फोटो, काम झालं.

मग नाराजी कशाची? त्या फोटोचीच.

आपण पान पाठवतो. वर कोष्टक, खाली बारीक अक्षरात अटी: पंचवीस कॉइल उचलल्या तरच पाच टक्के, सात दिवसांत पैसे आले तरच दोन टक्के, स्कीम ३१ तारखेपर्यंत. डीलर काय करतो? त्याच्याकडच्या इलेक्ट्रिशियनला किंवा शेजारच्या दुकानदाराला पाठवायला कोष्टक तेवढं कापून घेतो. खालच्या चार ओळी जातात. उरतो १,६७५ रुपये ८० पैसे हा आकडा, त्याला ना तारीख, ना अट. तो या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरत राहतो. महिना संपतो, स्कीम संपते, पण तो फोटो काही संपत नाही. पुढच्या महिन्यात कुणी दहा कॉइल मागवतो, बिल १,८०० ने जातं, आणि फोन येतो: “शेठ, भाव वाढवलात आणि सांगितलंही नाहीत?” आपण म्हणतो, भाव तोच आहे, स्कीम संपली. तो म्हणतो, तुमच्याच कागदावर सोळाशे पंच्याहत्तर लिहिलंय. त्याचं चुकत नाही. कागदावर तेच लिहिलेलं असतं.

या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला. नेट भावाचा कागद स्कीमला भाव बनवून टाकतो. लिस्ट ३,००० आहे तिथेच असते, पण डीलरच्या डोक्यात १,६७५ हाच मूळ भाव बसतो, आणि स्कीम मागे घेतली की ती त्याला भाववाढ वाटते. मग दर महिन्याला स्कीम चालू ठेवावी लागते, नाहीतर समजूत घालत बसावं लागतं. आणि ज्याने पंचवीस कॉइल उचलून सातव्या दिवशी चेक दिला त्याला, दहा कॉइल नेऊन दीड महिन्याने पैसे देणाऱ्याने तोच भाव मागितलेला कळला, की तोही बिथरतो. डीलर सांभाळायचा तर नेमका तोच सांभाळायचा असतो.

दोन कागदांच्या पद्धतीत भावपत्रकावर लिस्ट आणि डीलरची नेहमीची सूट एवढंच येतं. त्याला क्रमांक द्यायचा आणि पहिल्याच ओळीत ‘भावपत्रक क्र. ७, क्र. ६ रद्द’ असं लिहायचं. या कागदावर सगळ्यात जपून लिहायची गोष्ट म्हणजे लागू होण्याची ओळ. ‘नवे भाव १ तारखेपासून’ असं बरेच जण लिहितात आणि भांडणाला जागा ठेवतात. १ तारखेची ऑर्डर, १ तारखेचं बिल, की १ तारखेला भिवंडीच्या गोडाऊनमधून सुटलेला माल? तिन्ही वेगळे दिवस असू शकतात. भाव चढणार ही कुणकुण लागली की ३० तारखेच्या संध्याकाळी ऑर्डरींचा पाऊस पडतो, आणि त्यातल्या निम्म्या ‘लिहून ठेवा हो’ या जातीच्या असतात. मी लिहितो ते असं: ‘नवे भाव १ तारखेपासून निघणाऱ्या प्रत्येक बिलाला लागू. ३० तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत लेखी नोंदवलेली ऑर्डर जुन्या भावाने मिळेल, मात्र माल ५ तारखेपर्यंत उचलला पाहिजे. त्यानंतर उरलेल्या नगांना नवा भाव.’ वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण ‘लेखी’, ‘सहापर्यंत’ आणि ‘उरलेल्या नगांना’ या शब्दांनी बरेच फोन वाचतात, असा माझा अनुभव.

भाव उतरतो तेव्हा प्रश्न उलटा असतो: डीलरच्या फळीवरच्या जुन्या मालाचा फरक मिळणार का? मिळणार असेल तर कोणत्या तारखेनंतरच्या बिलांवर, आणि नसेल तर ‘जुन्या मालावर फरक मिळणार नाही’ हे स्पष्ट छापावं. गप्प राहिलात तर डीलर ‘मिळणार’ असंच धरतो.

स्कीमचं सर्क्युलर वेगळं. त्यावर कोणाचाही नेट भाव नाही. स्लॅब, तारीख, पैसे देण्याची मुदत आणि एक करून दाखवलेलं बिल. कोष्टकात तारखेचा रकाना मी अगदी शेवटी ठेवत नाही, मधोमध ठेवतो: आधी नग, मग ‘कोणत्या तारखेच्या बिलापर्यंत’, मग टक्के. कापायचं म्हटलं तरी तारखेला बगल देऊन टक्के कापता येत नाहीत. ही युक्ती फार मोठी नाही, पण त्या फिरत्या फोटोवर मला तरी याहून चांगला उतारा सापडलेला नाही.

करून दाखवलेलं बिल का, ते वरच्याच आकड्यांवर सांगतो. पंचवीस कॉइल, प्रत्येकी १,७१०, म्हणजे ४२,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,६९५. बिल ५०,४४५. आता रोखीचे, म्हणजे सीडीचे, दोन टक्के कशावर? मूळ रकमेवर धरले तर ८५५ रुपये, पूर्ण बिलावर धरले तर १,००८ रुपये ९० पैसे. फरक दीडशेच्या आसपास. दीडशे रुपयांसाठी कुणी नातं तोडत नाही, पण पेमेंटमधून तेवढे कापून येतात, खातं जुळत नाही, आणि तुमचा अकाउंटंट आणि त्यांचा अकाउंटंट दुपारभर फोनवर. ‘सीडी जीएसटीपूर्वीच्या रकमेवर’ असे शब्द लिहा, आणि खाली ८५५ हा आकडा दाखवा. शब्द वाचून उडवले जातात, आकडा उडवला जात नाही.

तसंच सात दिवस कोणते? बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून? विरारला माल दुसऱ्या दिवशी पोचतो, कोकणातल्या पार्टीला वेळ लागतो. आणि चेक दिल्याची तारीख की खात्यात जमा झाल्याची? मी ‘बिलाच्या तारखेपासून सातव्या दिवसापर्यंत पैसे खात्यात जमा’ असं लिहितो. लांबच्या पार्ट्यांना हे थोडं जाचक आहे. त्यांना दहा दिवस द्यायचे असतील तर तेही त्याच कागदावर यावं, फोनवर कानात सांगू नये.

सूट बिलातच वजा होणार की नंतर क्रेडिट नोट येणार, आणि आलीच तर जीएसटीसह की जीएसटीशिवाय, हेही एका ओळीत असावं. जीएसटीसह नोट आली तर डीलरला तेवढा इनपुट क्रेडिट परत फिरवावा लागतो, त्यामुळे त्याच्या सीएला ही ओळ महिनाअखेरीला नव्हे, आधी हवी असते.

या पद्धतीतही त्रास आहेच. दोन कागद म्हणजे डीलरने दोन्ही उघडायला हवेत, आणि सगळे उघडत नाहीत. जुन्या लिस्टवर नवी स्कीम लावून कुणीतरी भाव काढतोच. म्हणून स्कीमच्या कागदावर ‘भावपत्रक क्र. ७ वर आधारित’ असं लिहावं लागतं. छोट्या दुकानदाराला तरीही फोनवर तोंडी भाव सांगावाच लागतो. ज्यांचे आयटम आठ-दहाच आहेत आणि सगळे रोखीचे गिऱ्हाईक आहेत, त्यांना कदाचित एकाच कागदात सुख असेल. त्यांनी माझं ऐकून कागद वाढवू नयेत.

एका कामासाठी नेट भावाचं पान मीही अजून वापरतो: पडून राहिलेला माल काढायला. बंद झालेल्या रंगाच्या कॉइल, जुन्या पॅकिंगचा लॉट. तिथे अट नसते, स्लॅब नसतो, पुढच्या महिन्यात तो भाव मागायला मालच उरलेला नसतो. फक्त शीर्षकात नग लिहायचे, ‘४० कॉइल, संपेपर्यंत’, आणि भावाच्या आकड्याला चिकटूनच लिहायचे, म्हणजे कापणाऱ्याने कापलं तरी दोन्ही बरोबर जातात.