कीगल: सावकाश धरायचं की झटपट आवळायचं?

पाळी गेल्यावर शिंकताना थेंब गळतो तो ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने. कुलपात किल्ली घालतानाच लघवीची घाई होते, ती मूत्राशय अवेळी आवळल्याने.

हे तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम म्हणजे कीगल. तो सावकाश आणि झटपट अशा दोन प्रकारांनी करतात. दोन्हींत पकड एकच: वायू रोखतो तसं गुदद्वार आणि योनी आत-वर ओढायची.

सावकाश प्रकारात 3-4 सेकंद धरा, तेवढंच सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू 10 सेकंदांवर न्या. ताकद यातूनच येते, पण फरक कळायला तीनेक महिने लागतात.

झटपट प्रकारात एका सेकंदात आवळून सोडायचं. तो ऐनवेळी कामाला येतो. दाराशी घाई झाली तर धावू नका. जागीच उभं राहून पाच-सहा वेळा आवळा, कळ ओसरली की चाला. शिंक येण्याआधी मात्र आवळून तसंच धरा.

आमच्या मते सुरुवात सावकाश प्रकाराने करावी. पोटावर हात ठेवा: पोट फुगलं किंवा श्वास अडकला, तर तुम्ही खाली ढकलताय, आणि त्याने गळती वाढते. लघवीची धार अडवून सराव नको. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग खाली आल्यासारखं वाटलं तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.