चुकीच्या शिल्लकेबद्दल बँकेने पाठवलेले माफीपत्र : काही महिन्यांनंतरचा अनुभव

मार्चअखेरच्या खातेउताऱ्यात चुकीची शिल्लक छापून आल्याबद्दल सोलापुरातील आमच्या बँकेने एप्रिलमध्ये ग्राहकांना माफीचे पत्र पाठवले. बँकेचे नाव येथे देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते त्या पत्राविषयी आणि त्यात दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले याविषयी. अशा पत्राची खरी परीक्षा ते हातात पडते त्या दिवशी होत नाही. पुढचे दोन-तीन उतारे येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून हा अभिप्राय आता लिहीत आहे.

आमच्या घरची दोन खाती या घोळात सापडली. एक अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेलच्या कारखान्याचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल घेता येणारे कर्जाचे खाते, आणि दुसरे वहिनींचे बचत खाते. रक्कम कारखान्याची मोठी होती, पण त्रास वहिनींच्या खात्यावर झाला, म्हणून आधी त्याविषयी सांगतो.

वहिनींच्या मार्चच्या उताऱ्यात आरंभीची शिल्लक ८,२५० रुपये होती. महिन्यात १६,५०० रुपये जमा आणि २२,००० रुपये नावे पडले होते. या हिशेबाने अखेरची शिल्लक २,७५० रुपये यायला हवी होती, पण छापली होती ११,७५० रुपये. फरक ९,००० रुपयांचा होता, आणि ३१ मार्चच्या रात्री वहिनींनी एटीएममधून नेमके ९,००० रुपये काढले होते. ती नोंद उताऱ्याच्या यादीत व्यवस्थित दिसत होती, त्यामुळे ती वजा होऊनच शिल्लक आली असणार असे वहिनींनी धरले, आणि कोणीही तसेच धरले असते. त्या भरवशावर दुचाकीच्या कर्जाच्या हप्त्यासाठी त्यांनी खात्यात वेगळी रक्कम भरली नाही. ५ तारखेला ४,१०० रुपयांचा हप्ता वसुलीला आला, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने तो परत गेला, बँकेने २५० रुपये शुल्क लावले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने हप्ता परत गेल्याचे ५०० रुपये मागितले.

बँकेचा पहिला संदेश मोबाइलवर आला. काही तांत्रिक कारणाने उताऱ्यात विसंगती आढळली असून गैरसोयीबद्दल बँक दिलगीर आहे, असे दोन ओळींत लिहून खाली एक लिंक दिली होती. कोणत्या महिन्याचा उतारा, कोणते खाते, खात्यातील पैसे सुरक्षित आहेत की नाहीत, यातील एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. शिवाय लिंक पाहून अनेकांनी तो संदेश फसवणुकीचा समजून पुसून टाकला, आणि माझ्या मते त्यांनी शहाणपणाच केला. शिल्लक दुरुस्त करण्याच्या नावाखाली ओटीपी मागणाऱ्यांना असा गोंधळ ही पर्वणीच असते. आठवडाभराने आलेले दुसरे पत्र मात्र बँकेच्या लेटरहेडवर, शाखाधिकाऱ्यांच्या सहीनिशी आणि मराठीतून होते. पुढचा सर्व अभिप्राय या दुसऱ्या पत्राचा आहे.

या पत्रातील सर्वांत चांगली गोष्ट ही, की त्याने पहिल्याच परिच्छेदात चूक कोठे होती ते सांगितले. चुकीची शिल्लक दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसू शकते. एक तर बँकेच्या मूळ खतावणीतच चुकीची नोंद पडलेली असते, किंवा खतावणी बरोबर असते आणि उतारा तयार करताना चूक होते. पहिल्या प्रकारात बँकेला खात्यावर प्रत्यक्ष उलट नोंद करावी लागते आणि ती पुढच्या उताऱ्यात स्वतंत्र ओळ म्हणून दिसते. दुसऱ्या प्रकारात खात्याला हात लावायचा नसतो, फक्त उतारा नव्याने द्यायचा असतो. आमच्या बाबतीत दुसरा प्रकार होता. ३१ मार्चला दिवसअखेरचे कामकाज बंद झाल्यावर झालेल्या व्यवहारांची नोंद १ एप्रिलला पडली, मात्र त्यांची मूल्यतारीख, म्हणजे ज्या दिवसापासून पैसे धरायचे तो दिवस, ३१ मार्च राहिला. उतारा तयार करणाऱ्या प्रणालीने व्यवहारांची यादी मूल्यतारखेनुसार घेतली आणि अखेरची शिल्लक नोंदीच्या तारखेनुसार. म्हणून ९,००० रुपये यादीत आले आणि शिल्लकेतून वजा मात्र झाले नाहीत.

हे स्पष्टीकरण पटण्यासारखे होते, कारण ते पडताळून पाहता येत होते. कारखान्याच्या खात्यावर हीच चूक उलट दिशेने झाली होती. एका व्यापाऱ्याने ३१ मार्चच्या संध्याकाळी पाठवलेले ४८,००० रुपये यादीत जमा दिसत होते, पण अखेरच्या शिल्लकेत धरलेले नव्हते, त्यामुळे आमच्याकडे बँकेचे येणे प्रत्यक्षापेक्षा ४८,००० रुपयांनी जास्त दाखवले गेले. व्याजावर कोणताही परिणाम झालेला नाही असे पत्रात म्हटले होते. कॅश क्रेडिटवर व्याज रोजच्या शिल्लकेवर लागते, आणि आमच्या ११ टक्के दराने ४८,००० रुपयांचे एका दिवसाचे व्याज साडेचौदा रुपयांच्या आतच होते. रक्कम नगण्य आहे, पण तेवढा फरक मार्चच्या व्याजात सापडला असता तर चूक फक्त छपाईची होती हा दावा खोटा ठरला असता. आमच्या लेखापालाने दिवसवार शिल्लक मांडून व्याज काढले, तेव्हा बँकेने लावलेले व्याज बरोबर निघाले. बचत खात्यावरही व्याज दररोजच्या शिल्लकेवरच मोजले जाते, त्यामुळे तेथेही हीच पडताळणी करता येते.

पत्रात खात्याचे शेवटचे चार अंक, छापलेली शिल्लक, खरी शिल्लक आणि फरकाला कारण ठरलेली नोंद प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी दिली होती. जुना उतारा रद्द समजावा, ‘सुधारित’ असा शिक्का असलेला नवा उतारा सात दिवसांत मिळेल, एप्रिलचा उतारा वहिनींच्या खात्यावर २,७५० रुपयांपासून सुरू होईल, चुकीच्या शिल्लकेमुळे बँकेने लावलेले शुल्क ग्राहकाने न मागता परत होईल, आणि यासाठी कोणालाही ओटीपी किंवा पिन देण्याची गरज नाही, असे सारे त्यात लिहिले होते. लिंक नव्हती. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता .bank.in ने संपतो, तेवढे तपासून स्वतः टाइप करावा, अशी सूचना होती. विडी घरकुल भागातील अनेक खातेदार महिला तेलुगू भाषक आहेत आणि त्यांना मराठीतील पत्र वाचता येतेच असे नाही. शाखेत एका कर्मचाऱ्याने त्यांना तेलुगूतून समजावून सांगितले, हे मी स्वतः पाहिले. पत्रात मात्र त्याची सोय नव्हती.

आता आश्वासनांचे काय झाले ते. सुधारित उतारा सात दिवसांत आला नाही, महिना संपत आला तेव्हा आला. कारखान्याचा जुना उतारा तोपर्यंत सीएंकडे गेलेला होता आणि त्यांना ३१ मार्चच्या शिल्लकेबद्दल बँकेचे लेखी प्रमाणपत्र हवे होते. ते शाखेने अर्ज दिल्यावर दोन दिवसांत दिले. एप्रिलचा उतारा ठरल्याप्रमाणे २,७५० रुपयांपासून सुरू झाला. त्यानंतरच्या प्रत्येक उताऱ्यात आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा नावे हा हिशेब मी घालून पाहतो, तसेच मागील महिन्याची अखेरची शिल्लक चालू महिन्याच्या आरंभीच्या शिल्लकेशी जुळवतो. या दोन्ही तपासण्यांत आजवर फरक आलेला नाही. मार्चचा जुना उतारा यातील पहिल्याच तपासणीत अडकला असता. ती बँकेने स्वतः का केली नाही, याचे उत्तर पत्रात नाही आणि शाखेतही मिळाले नाही.

२५० रुपये न मागता परत होतील हे आश्वासन मात्र पाळले गेले नाही. जूनपर्यंत वाट पाहून वहिनींनी लेखी तक्रार दिली आणि तक्रार क्रमांक घेतला, तेव्हा रक्कम जमा झाली. तक्रार क्रमांक घेण्याचा फायदा असा, की बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. आम्हाला तेथवर जावे लागले नाही.

पत्राची खरी उणीव दुसरीकडे आहे. बँकेने आपले शुल्क परत करण्याचे कबूल केले, पण दुसऱ्या संस्थेने ग्राहकाला लावलेल्या ५०० रुपयांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. वहिनींनी हप्ता दोन दिवसांत भरला, तरी त्या उशिराची नोंद त्यांच्या पतअहवालात जाण्याची शक्यता होती, आणि ती भीती ५०० रुपयांपेक्षा मोठी होती. शाखाधिकाऱ्यांना भेटून आम्ही एक पत्र मागितले. हप्ता परत जाण्यास आमच्या उताऱ्यातील चूक कारणीभूत ठरली, असे त्यांनी थोडे आढेवेढे घेऊन लिहून दिले. त्या पत्रावर कंपनीने शुल्क माफ केले. पतअहवाल आम्ही नंतर काढून पाहिला, त्यात नोंद नव्हती. असती तर दुरुस्तीसाठी अर्ज करता आला असता, आणि अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लावल्यास रोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. असे पत्र मागणाऱ्या प्रत्येकाला मिळेल एवढे एक वाक्य माफीपत्रात असते, तर आमच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या आणि ज्यांना असे काही मागता येते हे ठाऊकच नाही त्यांचे नुकसान टळले असते.

शेजारच्या एका कारखानदारांनी मला विचारले, की जास्त दिसलेली शिल्लक ग्राहकाने प्रत्यक्ष काढून घेतली असती तर? आमच्या प्रकारात ते शक्यच नव्हते, कारण एटीएम आणि काउंटर खतावणीतील शिल्लक पाहतात. पण चूक खतावणीत असती आणि पैसे निघाले असते, तरी ते परत करावेच लागतात. करार कायद्याचे ७२ वे कलम चुकून मिळालेल्या पैशांबाबत स्पष्ट आहे. ही बाजूही पत्रात नव्हती, पण या प्रकरणात ती नसणे मला योग्यच वाटते.

एक काम अजून शिल्लक आहे. बँकेच्या ॲपमधून मार्चचा उतारा डाउनलोड केला, तर आजही जुनाच मिळतो, त्यावर रद्द असल्याची खूण नाही. याबद्दल लेखी कळवले आहे.