सर्क्लिप बसेल का? वर्स्ट केस आणि आरएसएस, एकाच शाफ्टवर

कन्व्हेअरच्या आयडलर पुलीचा शाफ्ट घेऊ. शाफ्ट स्थिर, पुली फिरते. शाफ्टच्या शोल्डरला टेकून एक ६२०४ बेअरिंग, मग स्पेसर, मग दुसरं ६२०४ आणि बाहेरून सर्क्लिप. सर्क्लिपची खाच शाफ्टवरच मारलेली आहे. सगळं एका रांगेत बसवल्यावर सर्क्लिप आणि खाचेची बाहेरची भिंत यांच्यात थोडी फट उरायला हवी. उरली नाही तर सर्क्लिप खाचेत जातच नाही. जास्त उरली तर पुली शाफ्टवर मागेपुढे सरकते आणि आवाज सुरू होतो. या पुलीला ०.०५ ते ०.३५ मिमी फट चालते, म्हणजे मध्य ०.२० आणि दोन्हीकडे ०.१५.

या फटीत पाच मापं येतात. शाफ्टचं माप शोल्डरपासून खाचेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत धरायचं. त्यातून उरलेली चार वजा केली की फट मिळते. प्रत्येक भागाच्या टॉलरन्समुळे ही फट किती कमी-जास्त होईल ते काढायच्या दोन पद्धती आहेत: वर्स्ट केस, म्हणजे सगळ्या टॉलरन्सची सरळ बेरीज, आणि आरएसएस, म्हणजे रूट सम स्क्वेअर, टॉलरन्सच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ.

| भाग | ड्रॉइंगवर | मध्य | दोन्हीकडे |
|---|---|---|---|
| शाफ्ट | ५९.२५ ± ०.०५ | ५९.२५ | ०.०५ |
| पहिलं बेअरिंग | १४, ०/−०.१२ | १३.९४ | ०.०६ |
| स्पेसर | ३० ± ०.०५ | ३०.०० | ०.०५ |
| दुसरं बेअरिंग | १४, ०/−०.१२ | १३.९४ | ०.०६ |
| सर्क्लिप | १.२, ०/−०.०६ | १.१७ | ०.०३ |

तिसऱ्या रकान्याकडे नीट बघा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. बेअरिंगची रुंदी कॅटलॉगमध्ये १४ लिहिलेली असते, पण टॉलरन्स सगळा खालच्या बाजूला असतो. १४ आणि १.२ हेच आकडे धरून वजाबाकी केली तर फट ०.०५ येते. मध्यावरून केली तर ०.२० येते. एकतर्फी टॉलरन्स आधी मध्यावर आणून समान दोन बाजूंत वाटल्याशिवाय पुढची कुठलीच पद्धत लावू नये. ०.०५ हा मध्य समजून केलेला आरएसएस दिसायला अगदी व्यवस्थित असतो आणि उत्तर मात्र साफ चुकतं.

वर्स्ट केस

शेवटचा रकाना सरळ बेरजेत घ्या: ०.०५ + ०.०६ + ०.०५ + ०.०६ + ०.०३ = ०.२५. म्हणजे फट −०.०५ पासून ०.४५ पर्यंत. उलट बाजूने पडताळून पाहा. सर्वात आखूड शाफ्ट ५९.२०, आणि सगळे भाग जाडीला कमाल: १४ + ३०.०५ + १४ + १.२ = ५९.२५. फट उणे. सर्क्लिप बसणार नाही.

आता हे ०.१५ मध्ये आणायचं ठरवलं, तर दोन बेअरिंगं आणि सर्क्लिप मिळूनच ०.०६ + ०.०६ + ०.०३ = ०.१५ खाऊन टाकतात. हे भाग बाजारातून येतात, त्यांच्या टॉलरन्सला आपण हात लावू शकत नाही. शाफ्ट आणि स्पेसर यांच्या वाट्याला शून्य उरतं. शून्य टॉलरन्सचं ड्रॉइंग कोणी टर्नर हातात घेणार नाही. वर्स्ट केस इथे फक्त 'काम महाग पडेल' असं म्हणत नाही, या रचनेत ते शक्यच नाही असं सांगतो. ही माहिती फार मोलाची आहे, आणि ती हवी म्हणूनच मी आकडेमोडीची सुरुवात नेहमी वर्स्ट केसने करतो.

आरएसएस

याच आकड्यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ:

√(०.०५² + ०.०६² + ०.०५² + ०.०६² + ०.०३²) = √०.०१३१ ≈ ०.११४

फट ०.२० ± ०.११४, म्हणजे ०.०८६ ते ०.३१४. हवं तसं आत बसलं, एकही टॉलरन्स न आवळता.

यामागचा विचार सोपा आहे. उणे फट यायला शाफ्ट अगदी आखूड आणि बाकीचे चारही भाग अगदी जाड, असं एकाच असेंब्लीत जुळून यावं लागतं. एक भाग वरच्या टोकाला असताना दुसरा कुठे तरी मधे असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून चुका एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खाऊन टाकतात. ±०.११४ म्हणजे तीन सिग्मा धरले तर एक सिग्मा ०.०३८ येतो आणि आपली ०.१५ ची हद्द सुमारे ३.९ सिग्मावर पडते. कागदावर लाखात आठ-नऊ असेंब्ली नापास.

पण या निकालाखाली तीन अटी आहेत. प्रत्येक भागाची मापं घंटेच्या आकारात, आपल्या टॉलरन्सच्या मध्याभोवती पसरलेली असावीत. प्रत्येकाचे तीन सिग्मा टॉलरन्सच्या आत असावेत. आणि एका भागाच्या मापाचा दुसऱ्याशी काही संबंध नसावा. शॉपफ्लोअरवर यातल्या दोन अटी हमखास मोडतात.

मध्य सरकला की

अशाच एका पुलीच्या लॉटमध्ये आरएसएसवर विसंबून काम सोडलं होतं. असेंब्लीवरचा मुलगा सर्क्लिप प्लायर घेऊन बराच वेळ एकाच शाफ्टशी झगडत बसला होता. सर्क्लिप खाचेच्या काठावर चढायची आणि सटकायची. त्याने शेवटी शाफ्ट माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "सर, हिला जागाच नाही." असे सात-आठ शाफ्ट निघाले.

मायक्रोमीटर लावला. बेअरिंगच्या एकाच पेटीतले वीस नग मोजले, सगळे १३.९७ ते १३.९९ च्या मधे. टॉलरन्सच्या आत, पण मध्य १३.९४ वर नाहीच, १३.९८ वर. स्पेसर ३०.०२ ते ३०.०४. टर्नरला विचारलं तर त्याचं उत्तर सरळ होतं: लांब राहिला तर परत फेस करता येतो, आखूड झाला तर भंगारात जातो. म्हणून तो नेहमी वरच्या बाजूला थांबतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

या मापांवर फट काढली: ५९.२५ − (२ × १३.९८ + ३०.०३ + १.१७) = ०.०९. लॉटची सरासरी फट ०.२० वर असायला हवी होती, ती ०.०९ वर. शाफ्ट ५९.२० च्या आसपासचा आला की उरले ०.०४, आणि त्यात सर्क्लिप आणि बेअरिंगं दोन्ही जाड निघाली की तेही गेले. एकही भाग ड्रॉइंगबाहेर नव्हता. गंमत म्हणजे मापांचा पसारा आरएसएसने सांगितला होता त्याहून कमीच होता. फक्त तो ०.२० भोवती नव्हता.

उपाय टॉलरन्स आवळण्याचा नव्हता. शाफ्टचं माप ५९.३३ ± ०.०५ केलं, सरासरी फट ०.१७ वर आली. पुढची पेटी अगदी १३.९४ ची आली तरी सरासरी ०.२५ वर जाते आणि आतच राहते.

बेअरिंगच्या बाबतीत तिसरी अटही मोडलेली होती. एका शाफ्टवरची दोन्ही बेअरिंगं एकाच पेटीतून येतात, म्हणून एक जाड असेल तर दुसरंही जाडच असतं. अशा जोडीचे वर्ग वेगळे करायचे नाहीत. ०.०६ + ०.०६ = ०.१२ असा एकच आकडा धरून त्याचा वर्ग घ्यायचा. मग ०.११४ ऐवजी सुमारे ०.१४२ येतो. ०.१५ च्या आत आहे, पण ढिलाई जवळजवळ संपली.

मधला मार्ग: १.५

बरेच जण आरएसएसच्या उत्तराला १.५ ने गुणतात. याला बेंडर गुणक म्हणतात. यात कुठलाही निसर्गनियम नाही. मध्य सरकतो, पसारा घंटेसारखा नसतो, या सगळ्यासाठी ठेवलेली ती अंदाजाची उशी आहे. आपल्या शाफ्टवर ०.११४ × १.५ ≈ ०.१७, म्हणजे खालचं टोक ०.०३. वर सांगितलेला लॉट यंत्रावर चढण्याआधीच ड्रॉइंगवर अडकला असता.

हे ०.१५ मध्ये आणायचं तर शाफ्ट आणि स्पेसर ±०.०३ करावे लागतात, मग १.५ लावून ०.१४९ येतो. सीएनसी लेथवर ±०.०३ मिमी लांबी धरणं अवघड नाही, फक्त तपासणी वाढते. याच ±०.०३ वर वर्स्ट केस मात्र अजूनही ०.२१ म्हणतो आणि नापासच करतो.

मग कोणती घ्यायची

मी आधी हे पाहतो की फट चुकली तर ती कुठे कळेल. सर्क्लिप बसली नाही तर बाकावर दोन मिनिटांत कळतं, स्पेसर बदलला की काम पुढे. अशा टोकासाठी आरएसएस पुरेसा. पण फट ०.४० झाली तर सर्क्लिप मजेत बसते, पुली बाहेर जाते आणि तक्रार काही महिन्यांनी येते. म्हणजे एकाच फटीची दोन टोकं सारख्या किमतीची नाहीत. ज्या टोकाची चूक बाकावर दिसत नाही, तिथे १.५ लावा किंवा फीलर गेजने फट मोजूनच पुढे पाठवा. आणि फट चुकल्याने कोणाला इजा होणार असेल, उदाहरणार्थ ब्रेकच्या यंत्रणेत, तर वर्स्ट केसशिवाय दुसरा विचार नको, मग रचना बदलावी लागली तरी चालेल.

दुसरी गोष्ट नगांची. वर्षाला पाच हजार पुली, भाग वेगवेगळ्या लॉटमधून, आणि मापांची नोंद ठेवलेली असेल, तर आरएसएस त्याच नोंदीतले खरे मध्य आणि खरा पसारा घालून करा. ड्रॉइंगवरचे आकडे घालून केलेल्या आरएसएसपेक्षा हा फार विश्वासाचा. चाळीसच पुली करायच्या असतील तर बेअरिंगची एकच पेटी, सर्क्लिपचं एकच पाकीट, एका दिवसात काढलेले स्पेसर. तिथे शक्यतेचं गणित लागू होत नाही, कारण चुकांना एकमेकींना खायला संधीच मिळत नाही. तेव्हा आलेली बेअरिंगं मोजायची आणि त्यावरून स्पेसर कापायचा. किंवा ०.१ च्या पटीतल्या शिम ठेवून प्रत्येक नगावर फट जुळवायची.

साखळीत दोनच मापं असतील तर मी आरएसएसच्या वाटेला जात नाही. दोन आकड्यांत तो फारसं काही वाचवत नाही, आणि मध्य सरकला की ते थोडंसंही हातातून जातं.

आमच्या पुलीचं सांगायचं तर पुढच्या ड्रॉइंगमध्ये सर्क्लिपच्या आत एक वेव्ह वॉशर आला. वॉशर उरलेली जागा दाबून धरतो, म्हणून त्याची जाडी सोडून फट ०.०५ ते ०.६० पर्यंत काहीही चालते. त्यानंतर वर्स्ट केसच मांडला, आणि शाफ्ट व स्पेसर दोन्ही ±०.०५ वरच राहिले.