कॅप घ्यावी की डिस्काउंट: कन्व्हर्टिबल नोटचे दोन मसुदे शेजारी ठेवून

पुण्यातील एक तरुण उद्योजिका मध्यंतरी दोन इंग्रजी मसुदे घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही कन्व्हर्टिबल नोटचे होते. दोन्हींत रक्कम ५० लाख रुपये, सरळव्याज वर्षाला ८ टक्के आणि मुदत २४ महिने होती. पहिल्या मसुद्यात २० टक्के डिस्काउंट होता, पण व्हॅल्युएशन कॅप नव्हती. दुसऱ्यात ८ कोटी रुपयांची प्री-मनी, म्हणजे नवा पैसा येण्याआधीच्या मूल्यावरची, कॅप होती, पण डिस्काउंट नव्हता. तिचे इंग्रजी उत्तम आहे आणि तिने दोन्ही मसुदे शब्दन् शब्द वाचलेले होते. तरीही तिचा प्रश्न होता, "सर, यातला स्वस्त कोणता?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण ते मसुद्यात नसून नव्या गुंतवणुकीचा पुढचा राउंड किती मूल्यांकनावर होतो आणि मुळात होतो की नाही, यावर अवलंबून आहे.

आधी नोट म्हणजे काय ते पाहू. गुंतवणूकदार आज पैसे देतो, पण शेअरची किंमत आज ठरत नाही. तोवर ते पैसे कंपनीच्या ताळेबंदात कर्ज म्हणून राहतात आणि ठरावीक घटना घडली की त्यांचे शेअर होतात. या घटनेला ट्रिगर म्हणतात. डिस्काउंट आणि कॅप ही त्या वेळी शेअरचा भाव काढण्याची दोन सूत्रे आहेत. डिस्काउंट म्हणजे नव्या गुंतवणूकदाराच्या भावावर दिलेली सूट. कॅप म्हणजे नोटधारकाचा भाव काढताना कंपनीचे मूल्य जास्तीत जास्त किती धरायचे याची मर्यादा. कॅप हे कंपनीचे मूल्यांकन नव्हे. "आमची कंपनी आता आठ कोटींची झाली" असे घरी सांगणारे संस्थापक मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणीही कंपनीची किंमत केलेली नसते.

आता हिशेब मांडू. कंपनीचे एकूण १० लाख शेअर आहेत आणि त्यांत कर्मचाऱ्यांसाठी राखलेले ऑप्शनही धरले आहेत. नोट दिल्यानंतर १८ महिन्यांनी राउंड होतो, म्हणून ५० लाखांवर ६ लाख व्याज चढून ५६ लाखांचे शेअर द्यायचे आहेत. राउंडचा भाव काढताना नोटमधून येणारे शेअर मोजायचे नाहीत, असे सोयीसाठी धरू. ८ कोटींच्या कॅपला १० लाख शेअरने भागले की कॅपचा भाव ८० रुपये येतो.

| राउंडचे प्री-मनी मूल्यांकन | राउंडचा भाव | डिस्काउंटच्या नोटला शेअर | कॅपच्या नोटला शेअर |
|---|---|---|---|
| ७ कोटी | ७० रुपये | १,००,००० | ८०,००० |
| १० कोटी | १०० रुपये | ७०,००० | ७०,००० |
| २० कोटी | २०० रुपये | ३५,००० | ७०,००० |

राउंड ७ कोटींवर झाला तर कॅप निष्प्रभ ठरते, कारण राउंडचा भावच कॅपच्या भावाखाली असतो. तेव्हा नोटधारकाला नव्या गुंतवणूकदाराच्याच भावाने, म्हणजे ७० रुपयांनी, शेअर मिळतात. त्यासाठी मसुद्यात "दोहोंपैकी कमी भाव" अशा अर्थाची शब्दरचना असावी लागते आणि ती बहुधा असते. डिस्काउंटच्या नोटला मात्र त्या पडत्या भावातही ५६ रुपयांचा भाव मिळतो. १० कोटींवर दोन्ही नोटा बरोबरीत येतात. हा आकडा काढणे सोपे आहे: कॅपला १ वजा डिस्काउंट, म्हणजे इथे ०.८ ने भागायचे. मूल्यांकन त्याच्या वर गेले की कॅप संस्थापकाला महाग पडते, खाली राहिले की डिस्काउंट महाग पडतो.

किती महाग, हे २० कोटींच्या ओळीत दिसते. त्या राउंडमध्ये ४ कोटी आले, म्हणजे नव्या गुंतवणूकदाराला २ लाख शेअर गेले, असे समजा. डिस्काउंटच्या नोटधारकाकडे साधारण २.८ टक्के कंपनी जाते, तर कॅपच्या नोटधारकाकडे ५.५ टक्के. कॅपवाल्याने ५६ लाखांत घेतलेल्या शेअरची किंमत त्या दिवशी १ कोटी ४० लाख होते. मात्र ही सगळी तक्रार करण्याजोगी बाब नाही, कारण कंपनी वेगाने वाढेल या भरवशावर त्याने सर्वांत आधी पैसे लावलेले असतात आणि डिस्काउंटवाल्याला त्या वाढीत मोठा वाटा मिळत नाही. अनुभवी गुंतवणूकदार कॅपशिवाय सहसा सही करत नाहीत, त्याचे कारणही हेच.

या ओळीत एक छुपा खर्चही आहे. राउंडमध्ये नव्या गुंतवणूकदाराला प्रेफरन्स शेअर मिळतात आणि कंपनी विकली गेल्यास प्रत्येक शेअरमागे २०० रुपये आधी परत मिळण्याचा हक्क त्यांना असतो. नोटधारकाला त्याच वर्गाचे ७०,००० शेअर दिले, तर ५६ लाखांवर त्याला १ कोटी ४० लाखांचा अग्रहक्क मिळतो. यावर रुळलेला उपाय म्हणजे नोटधारकासाठी त्याच वर्गाचा उपवर्ग काढणे: बाकी हक्क तेच, पण अग्रहक्क शेअरमागे ८० रुपयांचाच. हे वाक्य नोटमध्येच असावे; राउंडच्या धावपळीत ते घालून घेणे अवघड जाते.

कॅपच्या मसुद्यात सर्वांत जपून वाचायची जागा ८ कोटींचा आकडा नसून त्याला कशाने भागायचे याची व्याख्या आहे. तिच्या मसुद्यात "फुली डायल्यूटेड कॅपिटलायझेशन" या शब्दांची व्याख्या अर्धे पान चालली होती आणि शेवटच्या ओळीत राउंडच्या वेळी वाढवल्या जाणाऱ्या ऑप्शन पूलचाही समावेश होता. नव्या गुंतवणूकदाराने एक लाख ऑप्शन वाढवायला सांगितले, तर भागाकार १० ऐवजी ११ लाखांनी होतो, कॅपचा भाव सुमारे ७२.७० रुपयांवर येतो आणि नोटधारकाचे शेअर ७०,००० वरून ७७,००० होतात. कॅपचा आकडा तोच, पण संस्थापकाचे आणखी ७,००० शेअर एका उपवाक्यात गेले. कॅप प्री-मनी आहे की पोस्ट-मनी, हेही याच व्याख्येत कळते. नवख्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या अमेरिकेतील वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणलेला सेफ हा नोटसारखाच करार प्री-मनी होता आणि २०१८ मध्ये त्यांनी तो पोस्ट-मनी केला. इंटरनेटवरून उचललेल्या मसुद्यांत दोन्हींची सरमिसळ आढळते. पोस्ट-मनीत नोटांमधून येणारे शेअरही भागाकारात धरले जातात, त्यामुळे आकडा तोच असला तरी संस्थापकाचा वाटा जास्त घटतो.

येथवरची तुलना राउंड होईल हे धरून होती. पण राउंड झालाच नाही तर दोन्ही मसुदे कसे वागतात, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचे आहे. सूट द्यायला आधी भाव लागतो. राउंड नसेल तर भाव नाही, आणि भाव नसेल तर डिस्काउंटला लागू होण्यासारखे काही उरत नाही. कॅपचा भाव मात्र राउंडशिवायही निघतो.

मुदत संपण्याची घटना घ्या. डिस्काउंटच्या मसुद्यात २४ महिन्यांनंतर एकच वाट होती: मुद्दल आणि व्याज परत. ज्या कंपनीला दोन वर्षांत राउंड करता आला नाही, तिच्या खात्यात ५८ लाख कुठून असणार? कॅपच्या मसुद्यात धारकाच्या मर्जीने ८० रुपयांनी शेअर घेण्याची सोय होती आणि रखडलेल्या कंपनीसाठी तो भाव उदारच म्हणावा लागेल. डिस्काउंटचाच मसुदा घ्यायचा असेल, तर राउंड न झाल्यास नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाच्या अहवालावरून भाव काढावा, असे कलम मागून घ्यावे. आपल्याकडील कंपनी ठेव नियमांनुसार कन्व्हर्टिबल नोटची सोय केवळ मान्यताप्राप्त स्टार्टअपला आहे. एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात किमान २५ लाख रुपये यावे लागतात आणि नोटची कमाल मुदत पूर्वी पाच वर्षे होती ती २०२० मध्ये दहा वर्षे झाली. म्हणजे २४ महिने हा कायद्याचा आकडा नसून वाटाघाटीचा आहे. गुंतवणूकदार परदेशी असेल, तर शेअर देताना फेमा या परकीय चलन कायद्याचे किमतीचे नियमही पाळावे लागतात, म्हणून सूत्र आधीच कंपनी सेक्रेटरीकडून तपासून घ्यावे.

राउंडआधीच कंपनी विकली गेली तर? डिस्काउंटच्या मसुद्यात, भाव नसल्यामुळेच, मुद्दलाच्या दुप्पट आणि व्याज असे ठरवले होते, म्हणजे १८ महिन्यांनी १ कोटी ६ लाख. कॅपच्या मसुद्यात मुद्दल व व्याज किंवा कॅपच्या भावाने होणाऱ्या शेअरचा वाटा, यांतले जे जास्त ते द्यायचे होते. कंपनी १२ कोटींना गेली, तर हा वाटा सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर लाख येतो. विक्री साधारण १६ कोटींच्या खाली झाली, तर संस्थापकाच्या दृष्टीने डिस्काउंटचा मसुदा महाग पडतो. राउंडच्या तुलनेत काढलेला निष्कर्ष इथे पुन्हा तपासावा लागतो, तो यासाठी.

राहिला मुख्य ट्रिगर, ज्याला मसुद्यात "क्वालिफाइड फायनान्सिंग" म्हटलेले असते. तिच्या दोन्ही मसुद्यांत त्याची किमान रक्कम ५ कोटी होती, आणि ती स्वतः ३ ते ४ कोटींच्या राउंडच्या तयारीत होती. तसा राउंड झाला असता तर नोट आपोआप बदललीच नसती. "शॅल कन्व्हर्ट" हे कलम लागू न होता "मे, अ‍ॅट द ऑप्शन ऑफ द होल्डर" हे लागू झाले असते. मग नव्या गुंतवणूकदाराने पैसे घालायचे आणि त्याच्या वर ५६ लाखांचे कर्ज तसेच उभे. ही अडचण बहुधा राउंडच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच्या वकिलाने विचारल्यावर लक्षात येते, आणि तोवर नोटधारकाच्या हातात घासाघीस करण्याचे साधन आलेले असते. किमान रक्कम आपल्या अपेक्षित राउंडच्या बरीच खाली ठेवावी, आणि त्या रकमेत केवळ नवा पैसा मोजायचा की बदलणाऱ्या नोटाही मोजायच्या, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

दोन्हीही नको, तिसरा मसुदा हवा, असे ती म्हणाली तेव्हा गुंतवणूकदाराने कॅप आणि डिस्काउंट दोन्ही देऊ केले, "द लोअर ऑफ" या शब्दांनी जोडून. ऐकायला तो मध्यममार्ग वाटतो. तक्ता पुन्हा पाहिला तर कळते की ७ कोटींच्या ओळीत तो एक लाख शेअर घेतो आणि २० कोटींच्या ओळीत सत्तर हजार, म्हणजे प्रत्येक ओळीतला मोठा आकडा त्याचा. शेवटी तिने केवळ कॅपचा मसुदा घेतला, कॅप १० कोटी करून घेतली, राउंडची किमान रक्कम २ कोटींवर आणली आणि व्याख्येतली नव्या ऑप्शन पूलची ओळ पेन्सिलने खोडली. कॅपवर तिला चार बैठका घालाव्या लागल्या. खोडलेल्या ओळीबद्दल समोरून कोणी एक शब्दही विचारला नाही.