चक्र एका बाजूला कलतंय का? दोन कसोट्या, आणि मी कुठली धरली

गणपतीतल्या आनंदमेळ्यात आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत दरवर्षी भाड्याने उभं चक्र येतं. बारा घरं, घरांच्या मधे खिळे, वर एक पट्टी. पट्टी ज्या घरात अडकेल ते बक्षीस. गेल्या वर्षी अकरा नंबरावर कुकर होता आणि चारावर बिस्किटांचा पुडा. दुसऱ्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "कुकर काही लागत नाही हो, सगळ्यांना बिस्किटंच." स्टॉलचा हिशेब माझ्याकडे होता आणि वहीत प्रत्येक फेरीचा आकडा लिहिलेला होता. तेव्हा संशयाचं उत्तर त्या वहीतूनच काढायचं ठरवलं.

अशा वेळी दोन मार्ग समोर येतात. एक म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली काय-वर्ग कसोटी, जी कार्ल पिअर्सनने 1900 साली मांडली. दुसरी म्हणजे रेले कसोटी. तिला मी बाणांची बेरीज म्हणतो, कारण तिच्यात तेवढंच करायचं असतं. दोन्ही मी त्याच वहीवर लावून पाहिल्या.

दोन संध्याकाळच्या 240 फेऱ्यांचा हिशेब एक ते बारा या क्रमाने असा होता: 16, 26, 22, 30, 25, 18, 24, 16, 13, 19, 11, 20. चक्र सरळ असेल तर प्रत्येक घराला सरासरी 20 यायला हवेत. चाराचे 30 आणि अकराचे 11 पाहून लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो, पण तो काढू नये. चार नंबर आपण आकडे पाहिल्यावर निवडला. बारा घरांपैकी कुठलं तरी एक घर तिशीला पोचणं हे निर्दोष चक्रातही पाच-सहा वेळांत एकदा होतं. म्हणून सगळ्या घरांचा विचार एकत्र करणारी कसोटी लागते.

काय-वर्ग करायला सोपी आहे. प्रत्येक घराचा 20 पासूनचा फरक घ्या, वर्ग करा, 20 ने भागा, बेरीज करा. माझी बेरीज 17.4 आली. बारा घरांसाठी पाच टक्क्यांची मर्यादा, म्हणजे सरळ चक्रातही शंभरात पाचच वेळा ओलांडली जाणारी रेघ, 19.68 आहे. म्हणजे कसोटीचं म्हणणं असं की संशयाला पुरेसा आधार नाही. मी ते मान्य करून वही मिटणारच होतो.

तेवढ्यात एक गोष्ट घडली आणि माझा कल तिथेच ठरला. स्प्रेडशीटमधला आकड्यांचा रकाना चुकून चढत्या क्रमाने लागला. 11, 13, 16, 16 असे सगळे आकडे भलत्याच घरांपुढे जाऊन बसले, आणि काय-वर्गाचं उत्तर मात्र तेच राहिलं, 17.4. कुठलं घर कुणाच्या शेजारी आहे हे त्या कसोटीला कळतच नाही. दोन, तीन, चार, पाच ही सलग चार घरं सरासरीच्या वर आहेत आणि समोरच्या बाजूची आठ ते अकरा ही चारही खाली आहेत, ही वहीतली सर्वांत बोलकी गोष्ट ती फेकून देते. फाशासाठी ते चालेल. गोल फिरणाऱ्या वस्तूसाठी मला ते फार खटकलं.

कारण उभं चक्र कसं बिघडतं ते पाहा. एका बाजूचं लाकूड जड असेल तर ती बाजू खाली जाऊन थांबू पाहते, आणि तिच्या समोरची हलकी बाजू वर, पट्टीखाली येते. हा कल एका घरापुरता नसतो. तो एका घरावर सर्वांत जास्त, शेजारच्यांवर थोडा कमी, असा उतरत उतरत समोरच्या घरावर सर्वांत उणा होतो.

बाणांची बेरीज नेमका हाच आकार शोधते. चक्राच्या मध्यापासून प्रत्येक घराकडे एक बाण काढायचा आणि त्याची लांबी त्या घराला आलेल्या फेऱ्यांएवढी ठेवायची. सगळे बाण एकापुढे एक जोडले की सरळ चक्रात ते फिरून जवळपास निघालेल्या जागीच येतात. कल असेल तर एका दिशेला अंतर उरतं. A रकान्यात घराचा नंबर आणि B मध्ये फेऱ्या असतील, तर D1, D2, D3 मध्ये एवढंच लिहायचं:

```
=SUMPRODUCT(B2:B13, COS(PI()/6*A2:A13))
=SUMPRODUCT(B2:B13, SIN(PI()/6*A2:A13))
=2*(D1^2+D2^2)/SUM(B2:B13)
```

माझ्या वहीत पहिला आकडा -17.6 आणि दुसरा 30.2 आला. बाण जवळजवळ नेमका चार नंबराकडे रोखलेला होता. तिसरा आकडा 10.2 आला. इथे पाच टक्क्यांची मर्यादा 5.99 आहे. निर्दोष चक्रातून इतका मोठा आकडा हजारात सहा वेळा येईल. वही तीच, फेऱ्या त्याच. काय-वर्गाच्या 17.4 मधले 10.2 या एकाच कलाचे होते आणि उरलेले 7.2 साधा योगायोग. काय-वर्ग अकरा दिशांना शोधत राहते, म्हणून तिची मर्यादा उंच ठेवावी लागते आणि खरा कल त्या गर्दीत बुडतो.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. घरं चक्रावरच्या क्रमानेच लिहायला हवीत. आमच्या चक्रावर ती एक ते बारा अशी ओळीने होती, पण सगळीकडे तसं नसतं. युरोपीय रुलेटच्या चक्रावर शून्याच्या शेजारी 32 आणि 26 असतात. तिथे नंबरांच्या क्रमाने बाण काढले तर उत्तराला काही अर्थ राहणार नाही.

आता फेऱ्या किती हव्यात? पाच टक्क्यांची मर्यादा धरली आणि पाच कललेल्या चक्रांपैकी चार तरी पकडली जावीत एवढी अपेक्षा ठेवली, तर हिशेब असा लागतो. सर्वांत लाडक्या घराला 30 टक्के जास्त मिळत असतील तर बाणांना साधारण 215 फेऱ्या लागतात आणि काय-वर्गाला 375. कल 20 टक्क्यांचा असेल तर 480 आणि 840. दहा टक्क्यांवर आलात तर 1,925 आणि 3,360. कल निम्मा झाला की फेऱ्या चौपट होतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. शंभर फेऱ्यांवर बोलणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की 30 टक्क्यांचा कलही तेवढ्यात निम्म्याहून कमी वेळा सापडतो, आणि तोही बाण वापरून.

आणि हा आकडा आधी ठरवायचा. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी उत्तर पाहायचं आणि मर्यादा ओलांडली की थांबायचं, असं केलं तर दहा वेळा डोकावण्यात खोट्या आरोपाची शक्यता पाच टक्क्यांवरून वीसच्या आसपास जाते. मी दोन संध्याकाळी संपल्यावर एकदाच मोजलं, पण काकूंच्या तक्रारीनंतर मोजलं, हे मला टोचत होतं. शिवाय 240 फेऱ्यांतून काढलेला कल फार ढोबळ असतो. माझ्या वहीत तो 29 टक्के दिसत होता, पण खरा कल 11 ते 47 मध्ये कुठेही असू शकला असता.

म्हणून पुढच्या दोन संध्याकाळी पुन्हा 240 फेऱ्या लिहिल्या. या वेळी प्रश्न आधीच वहीच्या वरच्या ओळीत लिहून ठेवला: चार आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन, म्हणजे दोन ते सहा ही पाच घरं मिळून शंभराहून किती जास्त येतात? आणखी एक नियम केला, की तीन पूर्ण वेढे न घेतलेली फेरी मोजायची नाही. लहान मुलं चक्राला हलकेच ढकलतात, मग ते आधीच्या घराच्या आसपासच थांबतं. तशा फेऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि कुठलीच कसोटी त्यांना स्वतंत्र समजू शकत नाही. त्या पाच घरांना 118 मिळाल्या. सरळ चक्रात एवढ्या किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. तेव्हा माझा विश्वास बसला.

काय-वर्गावर अन्याय नको. एखादा खिळा सैल असेल तर पट्टी तिथे अडकत नाही आणि एका घराच्या फेऱ्या शेजारच्या घरात सरकतात. ते दोन बाण जवळजवळ एकाच दिशेचे असल्याने बेरजेत फरक पडत नाही आणि बाणांची पद्धत अशा बिघाडापुढे जवळपास आंधळी ठरते. एकाच घराला दीडपट मिळत असतील आणि उणीव बाकी सगळ्यांत वाटली जात असेल, तर काय-वर्गाला सुमारे 740 फेऱ्या पुरतात आणि बाणांना 2,330 लागतात. तुमच्या चक्राचे खिळे जुने असतील आणि चक्राला हात लावायची सोय नसेल, तर काय-वर्ग जरूर लावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की खिळ्याचा दोष बोटाने हलवून किंवा टेपने घरांची रुंदी मोजून पाच मिनिटांत सापडतो. काय-वर्ग ज्यात सरस आहे ते काम बहुतेक वेळा हातानेच होतं. आमचे खिळे मी पहिल्याच दिवशी तपासले होते, सगळे घट्ट होते. जडपणा मात्र पट्टी काढल्याशिवाय हाताला कळत नाही, आणि मेळा चालू असताना मांडववाल्याचा माणूस पट्टीचा स्क्रू काढू देईना. तेव्हा मला निवडायचं झालं तर आधी खिळे हलवून बघेन, मग वहीवर बाण जोडेन.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चक्र परत जाण्याआधी पट्टी काढायची परवानगी मिळाली. चक्र हाताने हलकं झुलवलं आणि सोडलं. असं पाच वेळा केलं. पाचही वेळा दहा नंबर खाली येऊन थांबला आणि चार वर. चक्र उलटं करून पाहिलं तर दहाच्या मागे लाकडाला चीर गेली होती आणि तिच्यावर तळहाताएवढी लोखंडी पट्टी ठोकलेली होती.